रिकामी जागा कोणत्या भाषेने भरावी?

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत 'रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न दिसायला सर्वांत सोपा. एकच शब्द लिहायचा, तोही दोन-तीन अक्षरांचा. ऑन, इन, ॲट, ऑफ, टू, फॉर, विथ. पण मुलांचे गुण जातात ते बहुधा याच प्रश्नात. निबंधात चूक लपून जाते, इथे ती उघडी पडते.

गेल्या महिन्यात निपाणीहून एका भगिनींचे पत्र आले. त्यांचे माहेर चिक्कोडी तालुक्यातले, घरची भाषा कन्नड. सासर मराठी. मुलगी आठवीत, दिवसभर आजोळच्या आजीशी फोनवर कन्नड आणि घरात सगळ्यांशी मराठी बोलते. परवा तिला अशा रिकाम्या जागांत दहापैकी तीन गुण मिळाले. शाळेतून सल्ला आला, 'घरी दोन-दोन भाषा चालतात म्हणून मुलीचा गोंधळ होतो, एक काहीतरी बंद करा.' घरात यावर वाद सुरू झाला आहे, आणि बंद करायची भाषा कोणती हे अर्थातच ठरल्यासारखे आहे. बाई लिहितात, "आईशी माझ्या मुलीने बोलायचे ते कोणत्या भाषेत, हे आता एका पेपरवरून ठरणार का?"

पत्रासोबत त्यांनी तो पेपरही पाठवला. तोच आज आपण नीट वाचू. पेपर वाचला की गोंधळ कुठे आहे आणि कुठे नाही, ते आपोआप कळते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. इंग्रजीतले प्रिपोझिशन दोन प्रकारे येते. 'द बुक इज ऑन द टेबल' या वाक्यात 'ऑन' काढून 'अंडर' घातले तरी वाक्य बरोबरच राहते, फक्त पुस्तक टेबलाखाली जाते. तिथे शब्दाला स्वतःचा अर्थ आहे. पण 'डिपेंड' या क्रियापदापुढे 'ऑन' किंवा 'अपॉन' यावाचून दुसरे काही चालत नाही. पाऊस असो, भाव असो की माणूस असो, डिपेंड ऑन रेन, डिपेंड ऑन द प्राइस, डिपेंड ऑन हिम. पुढचे नाम बदलले तरी 'ऑन' हलत नाही. अशा ठिकाणी प्रिपोझिशन हे डावीकडच्या शब्दाच्या मालकीचे असते. मुलांनी रिकामी जागा पाहिली की प्रथम तिच्या डावीकडचा शब्द पाहावा, तो या कारणाने.

आपल्या भाषांतही हेच आहे. 'अवलंबून' म्हटले की 'वर' यायचेच. पावसावर अवलंबून, भावावर अवलंबून. 'लग्न' म्हटले की 'शी'. कुणी शिकवले नाही तरी मूल हे बरोबर बोलते. पंचाईत इतकीच, की प्रत्येक भाषेने या जोड्या आपापल्या लावल्या आहेत. मूल इंग्रजी लिहिताना आपली जोडी उचलून तिथे ठेवते.

आता तो पेपर. दहा वाक्ये आणि मुलीची उत्तरे अशी. 'अवर क्रॉप डिपेंड्स' पुढे 'ऑन', बरोबर. 'इंटरेस्टेड' पुढे 'इन', बरोबर. 'ग्रँडमदर इज प्राउड' पुढे 'ऑफ', बरोबर. हे झाले तीन गुण. मग चुका. गुड 'इन' मॅथ्स. अँग्री 'ऑन' मी. सीनियर 'दॅन' मी. अफ्रेड 'टू' डॉग्ज. डिस्कस्ड 'अबाउट' द प्रॉब्लेम. वेटिंग 'ऑफ' द बस. मॅरिड 'विथ' अ टीचर.

या सात चुका अंदाजपंचे केलेल्या नाहीत. प्रत्येकीमागे कारण आहे, आणि ते घरात सापडते.

पहिल्या पाच घ्या. मराठीत आपण म्हणतो गणितात हुशार, कन्नडमध्ये म्हणतात 'गणितदल्लि' हुशार. मराठीचा 'त' आणि कन्नडचा 'अल्लि' दोन्ही इंग्रजीतल्या 'इन'सारखे. मराठीत बाबा माझ्यावर रागावले, कन्नडमध्ये 'नन्न मेले सिट्टु'. कन्नडमधले हे 'मेले' म्हणजे 'वर', आपल्या बाजूच्या बोलण्यात 'म्याल'. नव्याने कन्नड ऐकणाऱ्या मराठी पाहुण्याला हा शब्द ऐकून दचकायला होते, पण त्यात कुणी मेलेले नसते! मराठीत माझ्यापेक्षा मोठा, कन्नडमध्ये 'ननगिंत'. मराठीत कुत्र्याला भिते, कन्नडमध्ये 'नायिगे' भिते. मराठीत प्रश्नाबद्दल चर्चा, कन्नडमध्ये 'बग्गे' चर्चा. पाचही ठिकाणी मराठी आणि कन्नड यांचे एकमत आहे आणि इंग्रजी एकटीच वेगळ्या वाटेने गेली आहे.

हे एकमत योगायोगाचे नाही. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी लोकांची बोली तपासली आणि 1971 साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. कुपवाड तेव्हा खेडे होते, आता ते सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत आहे. त्या गावात मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत होत्या. अभ्यासकांना असे आढळले, की तिन्ही भाषांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्याची घडण इतकी सारखी झाली की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द, प्रत्ययाला प्रत्यय ठेवून दुसरीत नेता येते. जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांना आपल्या या पट्ट्यातले ते गाव ठाऊक आहे. बेळगाव-निपाणीकडच्या घरांत वेगळे काय घडते? आजी कन्नडमध्ये सुरू केलेले वाक्य मराठीत संपवते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणूनच या पाच चुका करताना मुलीला जराही शंका आली नसणार. तिच्या दोन्ही भाषांनी तिला एकच उत्तर सांगितले. दोन साक्षीदारांनी एकच साक्ष दिली तर न्यायाधीशही विश्वास ठेवतो, ती तर आठवीतली पोर. आता समजा, घरातली कन्नड उद्यापासून बंद केली. 'रागावले'च्या आधीचा 'वर' मराठीत तसाच राहणार. अँग्री 'ऑन' तसेच राहणार. पाचपैकी एकही चूक कमी होणार नाही.

उरलेल्या दोन चुका याहून बोलक्या आहेत. वेटिंग 'ऑफ' द बस हे निव्वळ मराठीचे देणे आहे. आपण बस'ची' वाट पाहतो, आणि 'ची' म्हणजे 'ऑफ' हे मुलांच्या डोक्यात पक्के असते. कन्नड आजी काय म्हणते? 'बस्सिगागि' थांबलेय. 'गागि' म्हणजे 'साठी', म्हणजेच 'फॉर'. मुलीने आजीचे वाक्य आठवले असते तर वेटिंग 'फॉर' आले असते.

मॅरिड 'विथ' हेही मराठीचेच. शिक्षिके'शी' लग्न केले, म्हणून 'विथ'. कन्नडमध्ये मात्र 'अवळन्नु मदुवे आद' असे म्हणतात, म्हणजे जवळजवळ 'तिला लग्नला'. इंग्रजीत क्रियापद एकटे आले तर 'ही मॅरीड हर' असेच असते, मध्ये काही नाही. आणि 'इज मॅरिड' असे आले तर 'टू'. हा 'टू' लक्षात ठेवायला आपल्याकडचाच एक जुना वाक्प्रचार उपयोगी आहे. आपण म्हणतो, मुलगी मास्तरांना दिली. कन्नडमध्येही 'मास्तरिगे' दिली. 'ना' आणि 'गे', दोन्ही म्हणजे 'टू'. 'दिली' आठवा, 'टू' लिहा. एक सावधगिरी मात्र हवी. 'मॅरिड विथ टू चिल्ड्रेन' हे वाक्य बरोबर आहे, पण त्याचा अर्थ लग्न झालेला, दोन मुले असलेला. लग्न मुलांशी झालेले नाही!

कन्नड मदतीला येते अशी आणखी एक जागा सांगतो. 'बिलीव्ह' पुढे मराठी मुले हमखास 'ऑन' लिहितात, कारण देवा'वर' विश्वास. कन्नडमध्ये 'देवरल्लि नंबिके', म्हणजे देवा'त' विश्वास. इंग्रजीतही बिलीव्ह 'इन' गॉड. ज्या घरात आजी रोज 'देवरल्लि' म्हणते, त्या घरातल्या मुलाने ही जागा चुकायला नको.

आणि मराठीची मदत? तीही मोठी आहे. मुलीने प्राउड 'ऑफ' बरोबर लिहिले ते मराठीच्या बळावर. कन्नडमध्ये नातीच्या 'बग्गे' हेम्मे, म्हणजे नातीबद्दल. मराठीत नाती'चा' अभिमान. चा, ची, चे म्हणजे 'ऑफ'. मनातल्या भावनांचे बरेच शब्द मराठीत याच प्रत्ययाने चालतात. गाण्याची आवड, फाँड ऑफ. चुकीची लाज, अशेम्ड ऑफ. मैत्रिणीचा हेवा, जेलस ऑफ. कामाचा कंटाळा, टायर्ड ऑफ. धोक्याची जाणीव, अवेअर ऑफ. यशाची खात्री, शुअर ऑफ. कुत्र्याच्या वाक्यातली चूकही इथेच सुटते. 'कुत्र्याला भिते' हे क्रियापद सोडा आणि नाम घ्या, 'कुत्र्याची भीती'. झाले, अफ्रेड 'ऑफ'.

या युक्तीला मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. 'राग' हाही मनातलाच शब्द, आणि आपण त्याचा राग आला असेही म्हणतो. पण अँग्री 'ऑफ' कधीही नाही. माणसावर राग असेल तर अँग्री 'विथ'. अमेरिकेत 'ॲट' म्हणतात, तेही चूक नाही, पण आपल्याकडच्या शालेय व्याकरणात माणसासाठी 'विथ' शिकवतात, तेव्हा परीक्षेत तेच लिहावे. राग एखाद्या गोष्टीबद्दल असेल, बस उशिरा आली म्हणून वगैरे, तर अँग्री 'अबाउट'. म्हणजे काही शब्दांना डावीकडे पाहून भागत नाही, उजवीकडे माणूस आहे की गोष्ट, तेही पाहावे लागते. 'आश्चर्य' हा दुसरा अपवाद. बातमीचे आश्चर्य, पण सरप्राइज्ड 'ॲट' किंवा 'बाय'.

'गुड'ही असाच. गणितात चांगला तर गुड 'ॲट', तब्येतीला चांगले तर गुड 'फॉर', माझ्याशी चांगला वागतो तर गुड 'टू'. कौशल्याची गोष्ट असली की 'ॲट', एवढे ठेवले तरी पुरे. बॅड ॲट स्पेलिंग, क्लेव्हर ॲट ड्रॉइंग, त्याच ओळीत बसतात.

'सीनियर दॅन' ही चूक शाळेतच नव्हे, कचेऱ्यांतही ऐकू येते. मोठा म्हटले की 'पेक्षा', 'गिंत', आणि म्हणून 'दॅन'. बिगर दॅन, टॉलर दॅन, हे सगळे बरोबरही असते. पण सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर हे पाच शब्द लॅटिनमधून आले. तुलनेचा 'अधिक' हा भाव ते पोटात घेऊनच आले, आणि इंग्रजीने त्यांच्यापुढे 'दॅन' न लावता 'टू' लावला. ओळखायची खूण सोपी. इंग्रजी घरचे मोठेपणाचे शब्द 'र' आवाजाने संपतात आणि मागे साधा शब्द सापडतो. बिगर मधून बिग निघतो, टॉलर मधून टॉल. सीनियर मधून 'सीन' असा 'मोठा' या अर्थाचा शब्द निघत नाही. जिथे मूळ शब्द निघत नाही आणि शेवट 'इअर'सारखा, तिथे 'टू'. 'प्रिफर'लाही हाच 'टू' लागतो, प्रिफर टी टू कॉफी.

राहिली 'डिस्कस'ची जागा. तिथे उत्तर आहे, काहीच नाही. 'गरज असल्यास योग्य शब्द भरा' अशी सूचना असते तेव्हा एखादी जागा मुद्दाम फसवी ठेवलेली असते. डिस्कस या शब्दाच्या पोटातच 'बद्दल' आहे. 'रीच'चेही तेच. बेळगावला पोहोचलो, 'बेळगाविगे' पोहोचलो, म्हणून मूल लिहिते रीच्ड 'टू' बेळगाव. बरोबर वाक्य रीच्ड बेळगाव. मात्र 'अराइव्ह' घेतले तर मध्ये शब्द हवा, शहर असेल तर 'इन' आणि बसस्टँड असेल तर 'ॲट'. उलट 'लिसन' घ्या. आपण गाणे ऐकतो, मध्ये काही नाही, पण इंग्रजीत लिसन 'टू'. एके ठिकाणी जास्तीचा शब्द काढायचा, दुसरीकडे घालायचा.

आता पेपरचा हिशेब पुन्हा मांडू. दहापैकी दोन जागी तिन्ही भाषा एक होत्या, डिपेंड आणि इंटरेस्टेड. पावसा'वर', 'मेले', 'ऑन'. संगीता'त', 'संगीतदल्लि', 'इन'. तिथे गुण मिळाले. पाच जागी दोन्ही घरच्या भाषा एका बाजूला आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूला, तिथे गुण गेले. तीन जागी मराठी आणि कन्नड यांचे आपसांत पटत नव्हते. त्यांतली एक मराठीने मिळवून दिली. उरलेल्या दोन मराठीने घालवल्या, आणि त्यांतली एक तरी कन्नडने नक्की वाचवली असती. या सगळ्यात कन्नड एकटीने घालवलेली जागा एकही नाही. भाषा बंद करण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हा हिशेब जरूर पाहावा. मुलीचा गोंधळ झालेला नाही. तिच्याजवळ विचारायला दोन माणसे आहेत आणि तिने फक्त एकालाच विचारले, इतकेच.

मग घरी करायचे काय? साधी शंभर पानी वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात इंग्रजी शब्द त्याच्या प्रिपोझिशनसकट, जणू तो एकच शब्द आहे असा. नुसते 'अफ्रेड' लिहायचे नाही, 'अफ्रेड ऑफ' लिहायचे. दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात कन्नड, आणि ते आजीला विचारूनच. मराठीतला आणि कन्नडमधला प्रत्यय लाल पेनाने अधोरेखित करा. तिन्ही जुळले तर समोर बरोबरची खूण करा आणि त्या शब्दावर वेळ घालवू नका, तो मुलाला येतोच. एक जुळले तर त्या भाषेचे पहिले अक्षर लिहा, 'म' किंवा 'क', म्हणजे परीक्षेत कुणाला विचारायचे ते कळेल. एकही जुळले नाही तर फुली. पाठांतर फक्त फुलीवाल्या शब्दांचे करायचे. मुले ज्या लांबलचक याद्या घोकतात, त्यांतला बराच भाग याने गळून पडतो.

फुलीवाला शब्द सुटा घोकू नये, त्याचे घरातले खरे वाक्य करावे. 'मदर इज अँग्री विथ माय ब्रदर' हे वाक्य ज्या घरात रोज खरे ठरते, तिथे 'विथ' विसरत नाही.

आणि तपासायचे कसे, तेही सांगतो. 'ऑफ'चे दहा शब्द ओळीने विचारू नका. तिसऱ्या जागेपासून मूल डोळे मिटून 'ऑफ' लिहिते आणि आपल्याला वाटते, आले. आठवड्याने सगळे प्रकार मिसळून आठ-दहा जागा द्या, त्यात एखादी काहीच न भरायची ठेवा. त्यानंतर मामाला चार ओळींचे पत्र इंग्रजीत लिहायला सांगा. रिकाम्या जागेत 'अँग्री विथ' लिहिणारे मूल पत्रात 'अँग्री ऑन' लिहीत असेल तर शब्द अजून वहीतच आहे, जिभेवर आलेला नाही. तो पुन्हा फुलीच्या यादीत घ्यावा.

या आठवड्यासाठी पाच जागा देतो. घरातल्या सगळ्यांनी मिळून सोडवाव्यात, आजीसकट. 'जेलस' पुढे काय? 'ज्युनियर' पुढे काय? 'वुई रीच्ड' आणि 'निपाणी' यांच्या मध्ये काय? 'बिलीव्ह' आणि 'गॉड' यांच्या मध्ये काय? 'मिल्क इज गुड' आणि 'चिल्ड्रेन' यांच्या मध्ये काय? उत्तरे अनुक्रमे ऑफ, टू, काही नाही, इन आणि फॉर. पहिले उत्तर मराठीने दिले, चौथे कन्नडने. तिसऱ्या जागी दोघींनी मिळून फसवले असेल, तर वहीत फुली मारा.